चाळिशीनंतर पुन्हा मैदानात: तुमचे अनुभव सांगा

खुर्चीतला स्ट्रायकर: काल पोराला सोडायला लेले मैदानावर गेलो होतो. चार दिवसांनी पाऊस उघडलेला, लाल चिखल, आणि बॉल घरंगळत नेमका माझ्या पायाशी आला. मारला. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.
वय ४६, बँकेत टेबलावर १८ वर्षं. तीन वर्षांपूर्वी असंच ऑफिसच्या मॅचला थेट उतरलो होतो. पंधराव्या मिनिटाला बॉलमागं सुटलो आणि मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. चिडून वळून बघतो तर मागं कोण नाही! उजवी पोटरी फाटलेली. सहा आठवडे लंगडलो. यंदा नीट सुरू करायचंय. कुणी केलंय काय?

गोलकीपर गा: शिवी कुणाला घातलास मग? 😂

टिळकवाडीकर: खेळायच्या आधी वाकून दहा मिनिटं ताण द्यायचा, तीळतेल चोळायचं. आमच्या तालमीत कुणाची पोटरी फाटली नाही कधी.

फिजिओताई: काका, तालमीतली पोरं रोज जोर-बैठका काढत होती, म्हणून फाटली नाही. तेलाचं श्रेय कमी. आणि नुकत्याच फाटलेल्या पोटरीवर मालीश मुळीच नको, आतलं रक्त वाढतं.
स्ट्रायकर, दम चार-सहा आठवड्यांत परत येतो. टाचेच्या वरची ती जाड दोरी घट्ट व्हायला महिने लागतात. म्हणजे 'आता जमतंय' वाटायला लागतं तेव्हाच धोका. भिंतीला बोटं टेकवा, एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचला, हळू खाली. किती होतात ते दोन्ही पायांचं वेगळं मोजून सांगा.

सुमनआत्या: माझा गुडघा जिना उतरताना दुखतो. मी पण टाचा उचलू काय?

फिजिओताई: आत्या, तुमचं वेगळं, बघितल्याशिवाय नाही सांगत.

निपाणी एक्सप्रेस: 'मागून लाथ' वाचून अंगावर काटा आला. मला बॅडमिंटनमध्ये तसंच झालं, पण पोटरीत नाही, टाचेच्या जरा वर. चालता येत होतं, पाऊल हलत होतं, म्हणून मुरगळलंय म्हणून लेप लावून तीन आठवडे घालवले. दोरीच तुटली होती. मग ऑपरेशन. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. चांगल्या पायाचं पाऊल हललं, दुसऱ्याचं ढिम्म. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

फिजिओताई: बरोबर. इतर स्नायू पाऊल हलवतात, म्हणून फसगत होते. असं झालं तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे, लेप नको. आणखी एक: सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक घेताय किंवा नुकतीच घेतलीय, तर धावायच्या आधी डॉक्टरांना विचारा. टाचेची दोरी त्यानं कमकुवत होऊ शकते.

खुर्चीतला स्ट्रायकर: मोजलं. डावा २२. उजवा ९, आणि दहाव्याला पाय थरथरला. तीन वर्षं झाली की ओ!

फिजिओताई: दुखणं गेलं, ताकद परत आलीच नव्हती. चालण्यात ते कळत नाही, सुटताना कळतं.
एक दिवसाआड करा. दोन्ही पायांवर वर, फक्त उजव्यावर हळू खाली, १०-१० चे तीन फेर. सोपं झालं की एका पायावर, मग पाठीला पुस्तकं भरलेलं दप्तर. उजवा वीसच्या पुढं आणि डाव्याच्या जवळ गेला की जागच्या जागी उड्या, मग सरळ हलकं धावणं. एकदम सुटणं आणि वळणं सगळ्यात शेवटी. पहिला खेळ वीस मिनिटांचाच, मधे दोन दिवस सुट्टी.
खूण एकच. सकाळी पलंगावरून उतरून न्हाणीपर्यंतची पहिली पावलं. रोजच्यापेक्षा जास्त आखडलं तर काल जास्त झालं, एक पायरी मागं.

राजहंसगड रविवार: पायाचं झालं. छातीचं? आमचा मित्र येळ्ळूरच्या चढणीला रोज थांबायचा, 'गॅस' म्हणायचा. चढताना छाती दाबून यायची, थांबलं की जायची. अँजिओप्लास्टी झाली. बीपी-शुगर बघून घे बाबा.

खुर्चीतला स्ट्रायकर: बीपीची गोळी चालू आहे. विचारतो डॉक्टरांना.

टिळकवाडीकर: ताण द्यायचाच नाही म्हणता? आमच्या मास्तरांनी शिकवलंय.

फिजिओताई: द्या की, बरं वाटतं. पण नुसत्या ताणानं दोरी घट्ट होत नाही. आधी दहा मिनिटं हलकं धावून घाम येऊ दे.

गोलकीपर गा: चिखलात बरं की टर्फवर?

निपाणी एक्सप्रेस: टर्फवर बूट अडकतो, वळताना गुडघा जातो.

राजहंसगड रविवार: चिखलात घसरून माझं मनगट गेलं. काय सांगायचं.

खुर्चीतला स्ट्रायकर: तीन आठवडे झाले. उजवा १४. बायको म्हणते भिंतीवर बोटांचे डाग पडलेत.

गोलकीपर गा: वीस झाले की कुंदा तुझ्याकडून.

सुमनआत्या: गुडघ्याचं कुणी सांगितलंच नाही.