मदत हवी आहे: क्रिएटिन कायनेज शटलमध्ये नेमकं काय वाहून नेलं जातं?

अबोली: मडगावच्या एका कॉलेजात टी.वाय.ला बायोकेमिस्ट्री शिकवते. शटल समजावताना रायबंदर-चोडण फेरीबोटीचं उदाहरण दिलं. मायटोकाँड्रियापाशी फॉस्फोक्रिएटिन भरतं, मायोसिनपाशी उतरतं, क्रिएटिन रिकामं परत येतं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एटीपी पेशीत 8 मिलिमोलर आहे आणि अंतर एक-दोन मायक्रॉनचं. एटीपीच सरळ का जात नाही?" मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी पुन्हा तास आहे.

कसरतवाला: एटीपी मोठा रेणू, हळू सरकतो. फॉस्फोक्रिएटिन लहान, म्हणून ते पळतं. शिवाय तो साठा आहे, पहिल्या काही सेकंदांची जोरदार धाव त्यावरच निघते.

दर्यावर्दी: माझा सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, 1,100 आला आहे, दोन दिवस आधी फुटबॉल खेळलो होतो. म्हणजे माझ्या स्नायूंत ऊर्जा जास्त वाहते का?

तावदान: दर्यावर्दी, तो आकडा स्नायूतून रक्तात गळालेल्या एन्झाइमचा आहे, आत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. खेळानंतर तो वाढतो. लघवी गडद झाली किंवा अशक्तपणा वाटला तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.

कसरतवाला, साठ्याचं म्हणणं बरोबर आहे, पण तो प्रश्न वेळेचा झाला. इथे प्रश्न जागेचा आहे. आणि वेगातला फरक दुपटीच्याही आत आहे, तेवढ्याने काम भागत नाही. अडतं ते एटीपीच्या जाण्यापाशी नाही, एडीपीच्या परतण्यापाशी.

आकडे घेऊ. विश्रांतीत एटीपी 8, फॉस्फोक्रिएटिन 33, क्रिएटिन 10 मिलिमोलर धरा. pH 7 ला समतोल असा:

```
[Cr]/[PCr] = 166 × [ADP]/[ATP]
```

यातून मोकळं एडीपी येतं सुमारे 0.015 मिलिमोलर. आता मायोसिनपाशी ते दुप्पट, 0.03 झालं असं समजा. परत जायला उतार किती मिळाला? फक्त 0.015. विसरण चालतं ते उतारावर, आणि हा उतार जवळजवळ सपाट आहे. पण त्याच ठिकाणी एन्झाइम समतोल राखत असेल तर क्रिएटिन 10 वरून साधारण 16 वर जातं. म्हणजे त्याचा उतार 6 मिलिमोलर, चारशे पट. एडीपीला जे परत न्यायचं होतं ते क्रिएटिन नेतं, आणि तितकंच फॉस्फोक्रिएटिन उलट दिशेने येतं.

तुमची विद्यार्थिनी एटीपीबद्दल चुकली नाही. तिने फक्त परतीची वाट मोजली नाही.

अबोली: आता उमगलं! मग फेरीबोट चुकीचीच म्हणायची का?

तावदान: बोटीत एकच रेणू या काठावरून त्या काठावर जातो असं वाटतं. एन्झाइम मात्र वाटेत सगळीकडे आहे. मायटोकाँड्रियाच्या दोन पटलांमधल्या जागेत एक, मायोफायब्रिलच्या एम-रेषेपाशी दुसरं, मध्ये पेशीद्रवातही. पावसाआधी घर शाकारताना कौलं हातोहात वर जातात ना, तसं बघा. कौल वर पोचतं, माणूस आपल्या जागीच असतो. फॉस्फेट कौलासारखं समजा.

रानवाट: पण तावदान, दोन मायक्रॉन पार करायला रेणूला काही मिलिसेकंदच लागतात. उंदरात स्नायूतलं सीके, म्हणजे एम-सीके, काढलं (1993) तरी उंदीर जगले, फक्त झटक्याची ताकद कमी झाली. पुढे क्रिएटिनच तयार न करू शकणारे उंदीरही धावले. मग वाहतूक अत्यावश्यक कशी?

तावदान: रास्त आहे. उंदराच्या तंतूत अंतर कमी, आणि जन्मापासून नसेल तर स्नायू मायटोकाँड्रिया वाढवून, जवळ आणून भागवतो. त्यामुळे त्या प्रयोगांतून 'शटल नाहीच' असं निघत नाही, 'शटलशिवाय चालवता येतं' इतकंच निघतं. माझा खरा वाद वेगळा आहे: मायटोकाँड्रियातलं एन्झाइम एटीपी बाहेर सोडणाऱ्या वाहकाला चिकटून हातोहात घेतं का, की साधा समतोलच पुरतो? सोललेल्या हृदयतंतूंत क्रिएटिन घातल्यावर कमी एडीपीतही श्वसन वाढतं, म्हणून मी पहिल्या बाजूचा. पांढऱ्या, वेगवान तंतूंत हा परिणाम फारसा दिसत नाही.

रानवाट: हृदयाचं मान्य. पण 2015 मध्ये मायटोकाँड्रियांचं जाळं पटलाच्या विद्युतदाबाने ऊर्जा पसरवतं असं दाखवलंय, मग सांगाडी स्नायूत लांबचा पल्ला त्याचा असेल. मी अजून पटलेलो नाही.

अबोली: सोमवारी फळ्यावर 0.015 आणि 6 शेजारी-शेजारी लिहीन. एक शंका उरली: जोरात धावताना pH 6.7 ला गेला तर 166 चं काय?

तावदान: दुप्पट धरा, साधारण 330, कारण क्रियेत हायड्रोजन आयन खर्च होतो. मग तेवढ्याच क्रिएटिनला एडीपी निम्मं. उताराचं गणित मी अजून मांडलेलं नाही, मुलांकडूनच करून घ्या.