अनुभव धागा : दौऱ्याच्या काही पावत्या नाहीत, तुम्ही बिल कसं पास करून घेतलंत?

मशीनवाला
अकाउंट्सनं परत पाठवलेलं बिल समोर ठेवूनच हा धागा काढतोय. मी पुण्यात सर्व्हिस इंजिनिअर. चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात मशीन बंद पडलं म्हणून नागपूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढे एसटीनं गेलो. एकूण बिल 7,140 रुपयांचं. त्यातली रेल्वेची तिकिटं (1,460) आणि लॉजचं बिल (3,600) व्यवस्थित आहेत. घोळ आहे उरलेल्या 2,080 चा : एसटी जाऊन-येऊन 580, रिक्षा 600, जेवणखाण 900. येतानाचं एसटी तिकीट वाचता येतं, जातानाचं खिशात घामानं पांढरंफटक पडलंय. रिक्षावाले पावती देत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. जेवणाचे पैसे यूपीआयनं दिलेत. शेरा काय, तर 'सपोर्टिंग नाही, वजा करून मंजूर'. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय लिहून दिलंत आणि ते चाललं का, सांगा.

कोल्हापुरी चप्पल
तिकिटावर कोमट इस्त्री फिरव, अक्षरं वर येतात. आमच्या ऑफिसात एकानं केलं होतं.

खतावणी
इस्त्री अजिबात नको! तो थर्मल कागद आहे, उष्णतेनंच काळा होतो. अक्षरांसकट सगळा कागद काळा पडला की होतं तेही जाईल. फार तर मोबाइलवर फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवून बघ, कधी कधी तारीख आणि भाडं दिसतं. कोरा दिसला तरी मूळ कागद टाकू नकोस, बिलाला जोड.

आता मुद्द्याचं. मी बरीच वर्षं हीच बिलं तपासतो, तेव्हा टेबलाच्या या बाजूनं सांगतो. आम्हाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात : माणूस तिथे गेला होता का, पैसे खरंच गेले का, आणि गेले ते कशासाठी. पावतीत तिन्हींची उत्तरं असतात, म्हणून ती हवी. ती नसेल तर प्रत्येक प्रश्नाचा वेगळा कागद दे. तुझं यूपीआय स्टेटमेंट सांगतं की 180 रुपये अमुक माणसाला गेले. ते जेवणाचे की उसने, हे सांगत नाही. कारखान्याच्या सहीचा सर्व्हिस रिपोर्ट आणि गेटपास सांगतो की तू त्या दिवशी तिथे होतास. दोन्ही एकत्र लावले, की शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही.

एसटीचं तर सोपं आहे. भाडं टप्प्यावर ठरतं, त्यामुळे त्याच मार्गावर त्याच प्रकारच्या गाडीला जाताना आणि येताना सारखंच. येतानाचं तिकीट 290 चं असेल तर जातानाच्या 290 चा आधार तेच. फक्त दोन्ही गाड्या एकाच प्रकारच्या होत्या हे लिही. जाताना साधी आणि येताना शिवशाही असेल तर हा हिशेब लागू नाही.

निशिगंध
यावर एक गंमत. आमच्या सहकारी बाईंनी हरवलेल्या तिकिटाचं भाडं डेपोच्या दरपत्रकावरून पूर्ण लावलं होतं. साहेबांनी निम्मं कापलं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे ना! बाई चिडल्या, पण बोलणार काय?

सरकारी बाबू
केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे. आमच्याकडे लेव्हल 8 आणि खालच्यांना मुक्कामाचं बिल नसलं तरी चालतं. मर्यादेत राहून स्वतःच प्रमाणित करायचं, कुठे राहिलो आणि कधी ते कधी, एवढं स्पष्ट लिहायचं. 2017 पासून आहे हे. पण दावा प्रवास संपल्यापासून 60 दिवसांत गेला पाहिजे. डुप्लिकेट बिलाची वाट बघत बसलात तर पावती मिळते आणि मुदत जाते. आधी दावा टाका, 'कागद मागाहून सादर करत आहे' असं लिहा.

जिप गुरुजी
हे केंद्राचं झालं. आम्हाला प्रशिक्षणाला जाऊन आल्यावर हजेरी प्रमाणपत्र लावलं तरी तिकिटाची मागणी होते. तालुक्याला एक आणि जिल्ह्याला दुसरंच. कुणाचं कुणाला लागू पडतं देव जाणे.

उगाचच
माझा प्रश्न थोडा वेगळा. रजा प्रवास सवलतीत कुटुंबासह गेलो होतो, परतीची ट्रेन तिकिटं सापडत नाहीत. इथेच विचारू का?

खतावणी
@उगाचच, ऑनलाइन काढली असतील तर आयआरसीटीसीच्या खात्यात बुकिंग हिस्ट्रीत आणि मेलवर बघा. खिडकीवरची असतील तर बँकेचं स्टेटमेंट वगैरे लावून आस्थापनेला विचारावं लागेल. सवलतीचे नियम दौऱ्यापेक्षा वेगळे, त्यात मी बोलणार नाही.

रोखठोक
एवढी डोकेफोड कशाला? स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून द्या, विषय संपला.

खतावणी
600 रुपयांच्या रिक्षासाठी? 2024 च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे शंभराचा स्टॅम्प गेला, पाचशेचा आला. साध्या कागदावर सही करून दिलेलं निवेदन आम्हाला पुरतं. बनावट बिलाची वाट तर अजिबात नको. एकदा नागपूरच्या हॉटेलच्या बिलावर जीएसटी नंबर 29 नं सुरू होणारा होता. महाराष्ट्राचा 27 असतो, 29 कर्नाटकाचा. पोर्टलवर नंबर टाकला की दुकानाचं नाव येतं, दोन मिनिटांचं काम.

सांगलीची हळद
हॉटेलचं बिल गेलं असेल तर लाजू नका, मागा. मी चेक-इनची तारीख, खोली नंबर आणि पेमेंटचा संदर्भ क्रमांक कळवला, दुसऱ्या दिवशी 'डुप्लिकेट' शिक्का मारलेली प्रत मेलवर आली. जीएसटीवाल्यांना हिशेब अनेक वर्षं ठेवावेच लागतात, त्यामुळे 'आमच्याकडे नाही' हे उत्तर सहसा खरं नसतं. टॅक्सीचं ॲपमधल्या जुन्या फेऱ्यांत मिळतं. टोल फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये नाक्याच्या नावासकट येतो.

मशीनवाला
सगळ्यांचे आभार. खतावणींचं ऐकून असं लिहून दिलं :

'विषय : प्रवास देयकातील काही पावत्या उपलब्ध नसल्याबाबत. एकूण 7,140 पैकी 5,060 च्या मूळ पावत्या जोडल्या आहेत. जातानाचे एसटी तिकीट पुसट झाले असून ते मूळ स्वरूपात जोडले आहे. त्याच मार्गाचे, त्याच प्रकारच्या गाडीचे परतीचे 290 रुपयांचे तिकीट आधारासाठी सोबत आहे. रिक्षाची पावती मिळत नाही. तारीख, कुठून कुठे आणि रक्कम असा तक्ता व सर्व्हिस रिपोर्टची प्रत जोडली आहे. जेवणाच्या यूपीआय नोंदींवर दिनांकनिहाय खूण केली आहे. यापैकी कोणताही खर्च अन्यत्र मागितलेला नाही.'

शेवटचं वाक्य खतावणींनीच सुचवलं होतं, व्यक्तिगत निरोपात. एसटी पूर्ण मंजूर. जेवण कंपनीच्या दैनंदिन मर्यादेत बसलं म्हणून तेही. रिक्षाचे 600 मात्र अडकलेत. स्टेशन ते लॉजच्या भाड्याला ते काही म्हणत नाहीत, लॉज ते कारखाना 'ग्राहकाची गाडी होती का' म्हणून विचारलंय. नव्हती. पण हे ग्राहकाकडून लिहून कसं घ्यायचं?

निशिगंध
मेल करून विचार ना, 'त्या दिवशी वाहनाची सोय तुमच्याकडून नव्हती, एवढं कळवावे'. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं तरी पुरे.

जिप गुरुजी
ग्राहक कशाला लिहून देईल हो असलं?

मशीनवाला
मेल टाकलाय. अजून उत्तर नाही. दुसऱ्या कुणाला असं पत्र ग्राहकाकडून मिळालं असेल तर कळवा.