मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये ‘चालू’ दिसणारा माल प्रत्यक्षात पडून आहे, तोटा न घेता कसा काढू?

बुटवाला_नवा
नमस्कार मंडळी. माझं पादत्राणांचं दुकान आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बरेच दिवस न विकल्या गेलेल्या मालाचा रिपोर्ट निघतो. त्यात मोजकीच नावं येतात, पण गोदामात पाय ठेवायला जागा नाही.

एका मॉडेलचं उदाहरण देतो. पुरुषांचा साधा लेसचा बूट, ५ सेट घेतले होते. सेटमध्ये १२ जोड, म्हणजे ६० जोड आले. त्यातले ३८ विकले गेले, २२ शिल्लक आहेत. रिपोर्ट म्हणतो, माल चालू आहे. पण आता महिन्याला जेमतेम एखादा जोड जातो. हिशेब सोपा जावा म्हणून खरेदी १०० आणि विक्री १५० धरा. या २२ जोडांना डेड स्टॉक म्हणायचं का, आणि खरेदीच्या खाली न जाता ते निघतील का?

झटपट_सेल
सरळ नियम आहे. ९० दिवस हालला नाही तो माल मेला. ‘एकावर एक फुकट’ची पाटी लावा, आठवड्यात रॅक रिकामा होईल. पडून राहण्यापेक्षा गेलेला बरा.

कव्हर_चार्जर
माझंही असंच झालंय. मोबाइलची कव्हर्स, फोनचं मॉडेल जुनं झालं की कुणी हात लावत नाही. तुमचं सॉफ्टवेअर चुकीचं आहे असं वाटतं, बदलून टाका. मी दुसरं घेतलं, त्यात मालाचं वयही दिसतं.

बुटवाला_नवा
दादा, सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं हा प्रश्न नाही. आहे तो माल काढायचा आहे.

गोदाम_मावशी
तुमच्या २२ जोडांत कुठली मापं किती आहेत ते आधी टाका. त्याशिवाय कुणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

बुटवाला_नवा
मावशी, आत्ता मोजून आलो. सेटमध्ये ६ नंबरचा १, ७ चे २, ८ चे ४, ९ चे ३ आणि १० चे २ जोड येतात. आता शिल्लक: ६ चे ५, ७ चे ७, ९ चा १, १० चे ९. आठ नंबर एकही नाही.

गोदाम_मावशी
मग चित्र स्पष्ट आहे. ८ चे वीसच्या वीस आणि ९ चे १४ गेले. बाकी तीन मापांत मिळून फक्त ४ विकले गेले, आणि ६ नंबरचा तर एकही नाही. बूट लोकांना आवडलाय, माप तुटलंय. रिपोर्ट मॉडेलच्या नावावर बघतो, म्हणून आठ नंबरच्या विक्रीआड सहा नंबर झाकला जातो. विक्री मॉडेल आणि माप अशा जोडीने काढा, आणि प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांच्या वेगाने हा साठा किती महिने पुरेल? १० नंबरचे ९ आहेत आणि सहा महिन्यांत १ गेला, तर ५४ महिने. ‘शेवटची विक्री कधी’ या तारखेवर विसंबू नका. काही ठिकाणी परत आलेला जोड नोंदवला किंवा माल इकडून तिकडे हलवला तरी ती तारीख पुढे सरकते.

आता काढायचं कसं. आवडत नाही म्हणून पडलेल्या मालाला किंमत कमी करणं हा उपाय आहे. माप तुटलेल्या मालाला तो अर्धाच लागू पडतो, कारण सूट दिली म्हणून आठ नंबरच्या पायात दहाचा बूट बसत नाही. तुम्हाला दहा नंबरचा पाय शोधायचाय. दुकानातल्या सगळ्या मॉडेल्सचे १० नंबर एका रॅकवर आणा आणि ‘मोठ्या मापाचे बूट’ अशी पाटी लावा. या गिऱ्हाइकाला एरवी प्रत्येक दुकानात ‘तुमचं माप नाही’ ऐकावं लागतं. त्याला एका जागी पंधरा-वीस प्रकार दिसले तर तो घासाघीस फारशी करत नाही. ६ आणि ७ साठीही तसाच रॅक करा. तिथे लहान मापाचे पुरुष येतील आणि शाळकरी मुलांचे पालकही.

मापाच्या रॅकवर महिनाभर पूर्ण किंमत ठेवा. मग २० टक्के सूट, म्हणजे १२०, अजून खरेदीच्या वर. तरीही राहिले तरच ४० टक्के, म्हणजे ९०.

झटपट_सेल
इतकी वाट कोण बघणार? एकावर एकमध्ये एका दमात निघतं.

गोदाम_मावशी
अहो, दोन जोड १५० ला म्हणजे जोडी ७५ ला, खरेदीच्या खाली. शिवाय एका माणसाला दहाचेच दोन जोड हवेत. आणि जो पूर्ण किमतीचा दुसरा बूट घ्यायला आला होता तोही पाटी बघून इकडे वळतो. ज्याचं माप घरात दोघांनाही चालतं, मोज्यासारख्या अशा वस्तूला ती योजना ठीक.

हिशेब_पक्का
थोडा वेगळा विचार. ६० जोडांची खरेदी ६०००. विकलेल्या ३८ चे ५७०० आले. म्हणजे मुद्दल निघायला फक्त ३०० बाकी. उरलेले २२ सरसकट ७० ला दिले तरी १५४० येतील. तोटा कुठे आहे?

गोदाम_मावशी
आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून निर्णय घेऊ नका. ते ५७०० भाडं, पगार आणि पुढच्या खरेदीत गेलेत. मुद्दल निघालंय म्हणून ७० ला द्यायचं हे चूक, आणि मुद्दल निघालं नाही म्हणून धरून ठेवायचं हेही चूक. आज ७० आले तर त्यातून काय घ्याल, ते बघा. हातात पैसा कमी असेल आणि ८ नंबर रोज मागितला जात असेल, तर त्या ७० चा माल दीडपटीने दोनदा फिरला की, खर्च न धरता, साधारण १५७ होतात. पैसा आणि जागा दोन्ही मोकळी असतील तर घाई नको.

एका बाबतीत मात्र घाई करा. तळवा पॉलियुरेथेनचा असेल तर बूट न वापरताही जुना होतो. हवेतल्या ओलाव्याने तळव्याचं रसायन काही वर्षांत मोडतं. दाबून बघा. चिकट लागला, वाकवल्यावर चिरा दिसल्या किंवा भुगा पडला, तर तो जोड अर्ध्या किमतीतही विकू नका. चार पावलांत तळवा सुटून येतो आणि गिऱ्हाईक परत येतं ते भांडायला. रबराच्या तळव्याला हा त्रास नाही. शेल्फवर मांडलेल्या जोडातल्या एकाच बुटाचा रंग उन्हाने उडालाय का, तेही बघा.

बुटवाला_नवा
तळवा पॉलियुरेथेनचाच आहे. दाबून पाहिला, अजून घट्ट आहे. मापांचे रॅक आजच लावतो. पण घाऊक व्यापारी म्हणतो, ८ नंबर हवा तर पूर्ण सेटच घ्या.

सेट_मोडणारा
मी व्यापाऱ्याला सांगतो, सेट घेतो, पण ६ आणि १० चे जोड दोन महिन्यांत परत घ्यायचे आणि त्याबदल्यात ८ द्यायचे. एक तयार होतो, दुसरा नाही. नाही म्हणणाऱ्याकडून ते मॉडेल घेत नाही.

हिशेब_पक्का
मला हे पटत नाही. सेटमधल्या १२ पैकी ७ जोड ८ आणि ९ चे आहेत. ते पूर्ण किमतीत गेले तर १०५०, सेटची खरेदी १२००. उरलेले ५ जोड ३० ला गेले तरी खर्च निघतो. चालणारं मॉडेल सोडू नये.

गोदाम_मावशी
निघतो, पण असे सहा-सात सेट घेतले की गोदाम पुन्हा याच मापांनी भरेल. आसपासच्या दुसऱ्या दुकानदाराशी मापांची अदलाबदल जमते का ते बघा. त्याच्याकडे ८ पडून असायची शक्यता कमी, पण ९ मिळू शकतो. आणि काउंटरवर एक वही ठेवा. कुणी माप मागितलं आणि मिळालं नाही, की मॉडेल आणि माप लिहा. विक्रीच्या रिपोर्टमध्ये ही मागणी कधीच येत नाही.

कव्हर_चार्जर
ही वही कव्हरला पण चालेल का? माझ्याकडे उलटं आहे, लोक नवीन फोनचं मागतात आणि तेच नसतं.