मदत हवी आहे: प्रोजेक्टच्या रुब्रिकचे २० पैकी मार्क कसे काढायचे?

कृष्णाकाठची_बाई (सांगली)
अकरावीच्या पोरांचे पर्यावरणाचे प्रोजेक्ट तपासतेय. निकष चार, मांडणी, नोंदी, विश्लेषण आणि तोंडी, प्रत्येकाला १ ते ४ लेव्हल. मी सरळ बेरीज केली, १६ ने भागून २० ने गुणलं. पण एका मुलीने आयर्विन पुलाजवळ महिनाभर रोज जाऊन पाणीपातळी वहीत लिहिलीय, वहीची पानं भिजून फुगलीत, तिला २,४,३,२ म्हणजे १३.७५ येतात आणि थर्माकोल, चकाकी, पाठ केलेलं भाषण असलेल्या पोराला ४,२,२,४ म्हणून १५! मन मानेना. काय चुकतंय?

निवृत्त_गुरुजी
चाचणीच्या १०० पैकी मार्कांना ५ ने भागा, झालं की.

कृष्णाकाठची_बाई
सर, चाचणी नाही ओ, प्रोजेक्ट आहे.

माणदेशी_मास्तर (सातारा)
मॅडम, गणित बरोबर आहे, पण सरळ बेरीज केली की चारही निकष सारख्या वजनाचे होतात, थर्माकोल आणि महिनाभराच्या नोंदी एका तराजूत. भारांश द्या, समजा मांडणी ४, नोंदी ६, विश्लेषण ६, तोंडी ४. मग मुलीचे २+६+४.५+२ = १४.५ आणि पोराचे ४+३+३+४ = १४. शीटमध्ये पहिल्या ओळीत भारांश, खाली लेव्हल टाका:

```
=SUMPRODUCT(B2:E2,B$1:E$1)/4
```

पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, एकदाच. नोंदी आणि विश्लेषण दोन्हींत ३ असेल तर ४.५ + ४.५ = ९, पण आधीच ५-५ केलेत तर १० होतात, एक मार्क फुकट.

हळदबाजार_७७
पण १ ते ४ ची पट्टीच मुळात चुकीची. नुसतं मुखपृष्ठ चिकटवून दिलं तरी सगळीकडे १, म्हणजे ५ मार्क. लेव्हलमधून १ वजा करा आणि ३ ने भागा.

माणदेशी_मास्तर
दादा, मुद्दा रास्त आहे, उपाय कडक आहे. लेव्हल २ ला निम्मे मिळत होते ते तिसऱ्या हिश्श्यावर येतात, मुलीचे १२.६७ होतील. तुमच्या लेव्हल २ चं वर्णन 'बऱ्यापैकी, पण त्रुटी' असं असेल तर पालक विचारणारच की, बऱ्यापैकीला एवढेच? त्यापेक्षा ० ची लेव्हल ठेवा, काम केलंच नसेल त्याला. बाकीचं भागाकार तसाच राहू दे.

कृष्णाकाठची_बाई
० ची आयडिया घेते. पण एक अडचण, भारांश पोरांना आधी सांगितलेच नव्हते. आता सगळं जमा झाल्यावर ठरवले तर त्या चकाकीवाल्याच्या घरचे म्हणतील बाईंनी मुद्दाम केलं, आणि खरं सांगू, थोडं मुद्दामच आहे.

माणदेशी_मास्तर
मग या वेळी सारखेच ठेवा, मॅडम. दुसरं काय करणार.

हळदबाजार_७७
मी असतो तर बदलले असते. भिजलेली वही टेबलावर ठेवली असती पालकांच्या पुढ्यात.