ऐंशीच्या दशकातले पॅडचे खांदे

«पॅड लावल्यावर जॅकेटच्या खांद्याजवळ तिरक्या चुण्या का पडतात?»

कारण पॅडवरून जायला कापडच उरत नाही. पॅड बेततानाच धरावा लागतो. दाबल्यावर तो 2 सेंमी जाड राहत असेल, तर पुढच्या आणि पाठीच्या भागात खांद्याचं बाहेरचं टोक 2 सेंमी वर घ्या. गळ्याकडे काहीच वाढवू नका. बाहीचा माथाही तेवढाच उंच करा, नाहीतर बाही वर ओढली जाते. पॅडची जाड कड मुंढ्याच्या शिवणीबाहेर साधारण 1 सेंमी येऊ द्या, म्हणजे माथा खचत नाही. टाके सैलच हवेत. ओढून घातले की बाहेरून खळगे दिसतात.

त्याच दशकातले निऑन रंग आणि लेगवॉर्मर मात्र एरोबिक्सच्या वर्गातले. अमेरिकेतल्या ऑफिसच्या पॅडवाल्या सूटशी त्यांची सरमिसळ करू नका.