मदत हवी आहे: एकाच नावाखाली चार उत्पादने आणताना ग्राहकांचा गोंधळ कसा टाळावा?

फेसकर

नमस्कार. आमचा घरगुती स्वच्छतेच्या द्रवांचा लहानसा कारखाना आहे आणि फरशी पुसण्याचे आमचे द्रव गेली नऊ वर्षे चांगले खपते. हिरवी एक लिटरची बाटली, पांढरे झाकण आणि लेबलावरून तिरका जाणारा पिवळा पट्टा हीच त्याची ओळख झाली आहे. लोक दुकानात फरशीचे द्रव न मागता आमचे नावच घेतात. या ओळखीचा लाभ घ्यावा म्हणून आम्ही त्याच नावाने आणखी तीन उत्पादने काढली: भांड्यांसाठी ‘प्लस’, काचेसाठी ‘स्पार्कल’ आणि शौचकूपासाठी आम्लयुक्त ‘प्रो’. साचा एकच वापरला तर खर्च वाचतो, म्हणून बाटली तीच ठेवली आणि केवळ पट्ट्याचा रंग बदलला.

चाळीस दुकानांत सहा आठवडे माल ठेवून पाहिला. एकतीस तक्रारी आल्या आणि त्यांपैकी बावीस एकाच प्रकारच्या होत्या: ग्राहकाने नवी बाटली जुनी समजून नेली. कोणी भांड्यांच्या द्रवाने फरशी पुसली आणि चार वेळा पाणी फिरवूनही फेस जाईना. एका घरी ‘प्रो’ म्हणजे आमचेच, पण अधिक कडक द्रव असे समजून ते संगमरवरावर ओतले गेले आणि तेवढ्या भागाची चकाकी गेली. त्यांना भरपाई दिली, पण तेव्हापासून झोप उडाली आहे.

प्रश्न दोन आहेत. उपनावे कशी ठेवावीत? आणि चारही बाटल्या एका घरातल्या दिसाव्यात, तरीही एकीच्या जागी दुसरी उचलली जाऊ नये, यासाठी वेष्टनात काय समान ठेवावे आणि काय बदलावे?

रोखठोक

माझे मत स्पष्ट आहे: प्रत्येक उत्पादनाला पूर्णपणे वेगळे नाव द्या. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही एकच कंपनी टाइड, एरियल आणि पॅम्पर्स विकते, पण ग्राहकाला कंपनीचे नाव आठवावेही लागत नाही. नाव एक ठेवले की घोळ होणारच.

लेबलशास्त्री

रोखठोक यांचे उदाहरण खरे आहे, पण अर्धेच लागू पडते. प्रत्येक नाव शून्यातून उभे करायचे तर प्रत्येकाच्या जाहिरातीचा खर्च वेगळा करावा लागतो, आणि तो टाळण्यासाठीच तर धागाकर्त्यांनी जुने नाव पुढे नेले आहे. शिवाय बावीस तक्रारींचे मूळ मला सामायिक नावात दिसत नाही. ते जुन्या बाटलीत आहे.

फेसकर, आपल्या जुन्या लेबलावर ‘फरशी’ हा शब्द कुठे आणि किती मोठा आहे, ते एकदा पाहा. माझा अंदाज असा की तो तळाशी बारीक अक्षरांत असेल, कारण नऊ वर्षांत आपले नाव म्हणजेच फरशीचे द्रव असा अर्थ रूढ झाला आणि वेगळे सांगण्याची गरजच उरली नाही. घरात एकच मूल असते तोवर आडनावाने हाक मारली तरी भागते. भावंडे आली की थोरल्यालाही स्वतःचे नाव लागते, आणि आपण ते धाकट्यांनाच दिले. म्हणून जो ग्राहक आपले नाव मागतो त्याला ते नाव असलेली कोणतीही बाटली मिळू शकते, आणि तो ती बिनदिक्कत घेतो.

आता धाकट्यांच्या नावांविषयी. ‘प्लस’ आणि ‘प्रो’ हे शब्द दर्जाची पायरी सांगतात. काम सांगत नाहीत. ज्याच्या मनात आपले नाव म्हणजे फरशी, तो ‘प्रो’ वाचून ‘तेच, पण जालीम’ असेच समजणार, आणि संगमरवराच्या मालकांनी नेमके तेच केले. त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही. मुख्य नावानंतर लगेच येणारा शब्द ‘कशासाठी’ याचे उत्तर देणारा असावा: फरशी, भांडी, काच. पुढे कधी भांड्यांच्याच द्रवाचे दोन प्रकार काढलेत, तर त्या दोघांत फरक करायला ‘प्लस’ खुशाल वापरा. साधे वर्णनात्मक शब्द आपल्या एकट्याच्या मालकीचे होत नाहीत, त्यामुळे नोंदणी मुख्य नावाची आणि चिन्हाचीच भक्कम करावी लागते, हे मात्र ध्यानात असू द्या.

कागदी_होडी

मी वह्यांचा व्यवसाय करते. आमच्याकडेही मध्यंतरी बोधचिन्ह बदलण्याचा विचार निघाला होता आणि मी कडाडून विरोध केला. ट्रॉपिकानाने २००९ मध्ये संत्र्याच्या रसाच्या खोक्यावरचे, नळी खुपसलेल्या संत्र्याचे चित्र काढून नवे वेष्टन आणले होते. लोकांना आपला नेहमीचा खोका ओळखता येईना, आणि काही आठवड्यांतच कंपनीला जुने वेष्टन परत आणावे लागले. तेव्हा चालत्या मालाचे रूप कृपया बदलू नका. आमच्या वह्यांना आम्ही फक्त कोपऱ्यात रंगीत त्रिकोण दिला: एकेरी ओळींना निळा, चौकटींना लाल. कोणाचीही चूक होत नाही.

फेसकर

ताई, बोधचिन्ह बदलण्याचा आमचा विचार नाही. प्रश्न नव्या उत्पादनांचा आहे. पण आपल्या प्रतिसादाने नवी शंका उभी राहिली. लेबलशास्त्री यांचा अंदाज बरोबर निघाला: ‘फरशी’ हा शब्द तळाशी, साधारण चार मिलिमीटर उंचीचा आहे. तो मोठा करायचा म्हणजे जुन्या लेबलाला हात लावणेच झाले. मग ट्रॉपिकानासारखे आमचे होणार नाही कशावरून? आणि त्रिकोणाने त्यांचे काम भागते, तर आमच्या रंगीत पट्ट्याने का भागले नाही?

लेबलशास्त्री

वही विकत घेणारा ती उघडून पाहतो. बाटली कोणी उघडून पाहत नाही. ती सवयीने उचलली जाते. आणि मुख्य म्हणजे आपल्या बाबतीत जो पट्टा ओळखीची खूण होता, त्याच्याच रंगावर आपण फरक दाखवण्याचेही काम टाकले. एकाच घटकाने ‘हा आमचाच’ आणि ‘हा तो नव्हे’ अशा दोन्ही गोष्टी सांगायच्या, हे जमत नाही. कोका-कोलाने २०११ च्या हिवाळ्यात अमेरिकेत नेहमीच्या पेयासाठी ध्रुवीय अस्वलांचे चित्र असलेला पांढरा डबा काढला होता. आत तेच पेय असूनही अनेकांना तो डाएट कोकचा चंदेरी डबा वाटला, आणि ठरल्यापेक्षा लवकर लाल डबे परत आणावे लागले.

म्हणून वाटणी करून घ्या. दुरून दिसणारे सगळे समान ठेवा: नावाची अक्षरे, त्यांची लेबलावरची जागा आणि आकार, तिरका पट्टा व त्याचा कोन. पट्टा चारही बाटल्यांवर पिवळाच असू द्या. फरक हाताला लागणाऱ्या गोष्टींत आणा. भांड्यांच्या द्रवाला ओढून उघडण्याचे टोपण द्या, काचेच्या द्रवाला फवाऱ्याची मान द्या आणि बाटली पारदर्शक ठेवा. हिरवी बाटली व पांढरे झाकण ही जोडी फरशीसाठी राखून ठेवा. रंगाचा आधार अवश्य घ्या, पण केवळ रंगावर विसंबू नका, कारण लाल आणि हिरवा यांत फरक न दिसणारे ग्राहकही असतात. साच्याचा खर्च अंगावर येतो हे मी जाणतो. मान आणि टोपण बदलून भागले तर नवा साचा लागणार नाही.

जुन्या लेबलावर एकच बदल करा: ‘फरशी’ हा शब्द नावाच्या लगेच खाली आणा आणि नावाच्या निम्म्या उंचीचा करा. ट्रॉपिकानाने ओळखीची खूणच काढून टाकली होती. आपण तिला धक्का लावत नाही. हे लेबल नव्या मालाच्या दोन महिने आधी बाजारात जाऊ द्या, म्हणजे लोकांच्या डोळ्यांना त्या शब्दाची सवय होईल.

मग चाचणी घ्या. जुने द्रव वापरणारी बारा-पंधरा माणसे बोलवा, इतर कंपन्यांच्या बाटल्यांत आपल्या मिसळून फळीवर मांडा आणि ‘नेहमीचे घ्या’ एवढेच सांगा. हात पहिल्यांदा कुठे जातो त्याची नोंद करा. नंतर दुरुस्त केलेली निवड मोजू नका. दुसऱ्या फेरीत फरशीची बाटली फळीवरून काढून घ्या आणि पुन्हा तेच सांगा. नेहमीचा माल संपलेला असतो तेव्हाच खरी फसगत होते, आणि बहुतेक चाचण्यांत ही फेरी घेतलीच जात नाही. ‘नाही दिसत’ असे म्हणून माणसे थांबली, तर वेष्टन जमले. त्यांनी शेजारची भांड्यांची बाटली उचलली, तर पुन्हा आराखड्यापासून सुरुवात करा.

गोदामवाला

मी वितरक आहे, म्हणून वेगळ्या टोकाकडून सांगतो. आमच्या बिलाच्या छापील ओळीत वस्तूच्या नावाची वीसच अक्षरे बसतात. नाव लांब असले आणि फरक सांगणारा शब्द शेवटी असला, तर तोच कापला जातो आणि बिलावर चारही वस्तू सारख्याच दिसतात. मग गोदामातला मुलगा हाताला येईल तो खोका देतो. त्या बावीस तक्रारींपैकी काही तरी माझ्यासारख्याच्या गोदामात जन्मल्या असाव्यात. बिलातले नाव कामाच्या शब्दाने सुरू करा, उदाहरणार्थ ‘भांडी’ आधी आणि ब्रँड नंतर. बाटली उभी आहे तोवर आपली कलाकारी दिसते. गोदामात मात्र खोक्याची अरुंद बाजूच समोर असते, म्हणून त्या बाजूवरही तो शब्द तळहाताएवढा मोठा छापा.

फेसकर

बिलाची गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. आज जुनी बिले काढून पाहिली. ‘प्लस’ आणि ‘प्रो’ दोन्ही खरोखरच कापले गेले आहेत.

राहता राहिले ‘प्रो’. ते तूर्त दुकानांतून परत मागवले आहे. त्याचे नाव ‘शौचकूप’ असे स्पष्ट केले आणि बाटली वाकड्या मानेची केली, तर ते याच घरात ठेवता येईल का?

लेबलशास्त्री

परत मागवलेत हे उत्तम केले. माझे मत ‘ठेवू नये’ असेच आहे. सारखे वेष्टन ‘ही सगळी एकाच जातीची आणि एकमेकांच्या जोडीने वापरण्याजोगी’ असे न बोलता सांगते. आम्ल मात्र ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन वायू निघतो, आणि पुढे आपण या घरात ब्लीचचे उत्पादन आणलेत तर हा धोका आपल्याच दोन बाटल्यांत येऊन बसेल. शिवाय पट्टा दिसला की भांड्यांच्या बाटलीवरचा विश्वास आम्लाच्या बाटलीला आपोआप मिळतो, आणि इथे तो मिळू नये. स्वतंत्र नाव, गडद बाटली, मुलांना न उघडणारे झाकण. आपल्या कारखान्याचे नाव मागच्या बाजूला नियमाप्रमाणे.

गोदामवाला

हे मला पटत नाही. अनोळखी नावाची शौचकूपाची बाटली एकही दुकानदार फळीवर ठेवणार नाही. मी स्वतः उचलणार नाही. पुढच्या बाजूला खाली बारीक अक्षरांत ‘अमुक यांच्याकडून’ एवढे तरी असावे. नाव राहील, पट्टा नसेल.

लेबलशास्त्री

पट्टा आणि हिरवा रंग नसेल, तर त्यावर विचार करता येईल. पण चाचणीच्या दुसऱ्या फेरीत ती बाटलीही मांडा. पंधरांतल्या एकाने जरी फरशीच्या जागी ती उचलली, तर ती ओळही काढावी लागेल.

फेसकर

भागीदारांचा कल गोदामवाल्यांच्या बाजूने आहे, माझा अजून ठरलेला नाही. फरशीच्या लेबलाचा नवा नमुना छपाईला दिला आहे. दोन्ही प्रकारच्या आम्लाच्या बाटल्या करून चाचणी घेतो आणि कोणाचा हात कुठे गेला ते इथेच कळवतो.