लँब्डा १.०३ आला म्हणजे शिखर खरं?

मृण्मयी_प: टाइप २ मधुमेहाचे १२०० रुग्ण आणि १९०० कंट्रोल. क्यूक्यू प्लॉट सरळ, लँब्डा १.०३. मॅनहॅटन प्लॉटवर गुणसूत्र ४ वर एकच ठिपका रेषेच्या वर आहे, p 3×10⁻⁹. गुणसूत्र १० वर TCF7L2 पाशी लहान शिखर आहे, पण ते 10⁻⁶ लाच थांबतं. सर म्हणतात, ठिपका आपला नवा शोध. मला धाकधूक वाटते. काय मानू?

गणिती_काका: धाकधूक कशाला? समाजांची सरमिसळ किंवा लपलेली नाती असती तर लँब्डा वर गेला असता. तो १.०५ च्या आत आहे, ठिपकाही 5×10⁻⁸ च्या पार आहे. नियम सगळ्यांना सारखाच. TCF7L2 रेषेखाली आहे, ते सोडा.

खडकवासला: सरमिसळीने लँब्डा वर जातो हे काकांचं म्हणणं बरोबर, पण त्यावरून पुढचं निघत नाही. लँब्डा म्हणजे सगळ्या मार्करांच्या काय-वर्गाचा मध्यक भागिले 0.4549. पाच लाख मार्करांत पन्नास सडके असले तरी मध्यक जागचा हलत नाही. लँब्डा सांगतो की सगळं पाणी गढूळ नाही. एखाद्या ठिपक्याची हमी तो देत नाही.

आता ठिपक्याकडे बघू. 3×10⁻⁹ म्हणजे काय-वर्ग साधारण ३५. शेजारी r² ०.८ असलेला मार्कर असेल तर त्याला त्याचा ०.८ भाग, म्हणजे २८ च्या आसपास मिळायला हवा. प्लॉटवर त्याची उंची सुमारे ७ दिसेल. खऱ्या सिग्नलखाली असे शेजारी रचत जातात, म्हणून मनोरा दिसतो. तुमच्या ठिपक्याचे शेजारी किती उंच आहेत? आधी हे चालवा:

```
plink --bfile data --r2 --ld-snp SNP_ID --ld-window-kb 500 --ld-window 99999 --ld-window-r2 0.5
```

आणि रुग्ण-कंट्रोल एकाच चिपवर केले होते का?

बायोबँकवाली: माझा लँब्डा १.३ आला होता आणि परीक्षकाने सगळे काय-वर्ग त्याने भागायला लावले. निम्मी शिखरं गेली. म्हणून सांगते, १.०३ वाल्यांनी तक्रार करू नये!

खडकवासला: प्रश्न तो नाही, पण तुमच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं. २०१४ च्या स्किझोफ्रेनियाच्या मोठ्या अभ्यासात जवळजवळ ३७ हजार रुग्ण होते आणि लँब्डा दीडच्या जवळ. तो फुगवटा बहुतांशी खऱ्या, हजारो बारीक परिणामांचा होता. नमुना वाढला की तो वाढतोच. एलडी स्कोअर रिग्रेशन यासाठीच आलं. ज्या मार्करला शेजारी जास्त, त्याच्याकडे खरा सिग्नल जास्त जमतो. सरमिसळ मात्र सगळ्यांना सारखंच उचलते. म्हणून त्या रिग्रेशनचा इंटरसेप्ट १ च्या जवळ असेल तर भागाकाराची गरज नाही. मृण्मयीला याचा उपयोग नाही: तीन हजार माणसांत इंटरसेप्ट फार डगमगतो, आणि युरोपीय स्कोअर आपल्या लोकांना नीट बसत नाहीत.

गणिती_काका: पण एकटा ठिपका खोटाच असतो हेही चूक. विरळ चिपवर, इम्प्युटेशन न करता, दुर्मीळ मार्करला शेजारीच नसतात. अशा वेळी मनोरा कुठून येणार?

खडकवासला: मान्य. म्हणूनच आधी r² विचारला. शेजारी नसतील तर ठिपका संशयाचा फायदा घेऊ शकतो. शेजारी असून गप्प असतील, तर नाही.

२०१० मध्ये सायन्समध्ये शतायुषींचा अभ्यास आला होता. काही शतायुषींचे नमुने वेगळ्या चिपवर झाले होते आणि तिच्यात काही मार्कर चुकीचे वाचले जात होते. टीकाकारांना खटकलं ते हेच: भलते उंच ठिपके, खाली आधार नाही. २०११ मध्ये लेख मागे घेतला.

मृण्मयी_प: r² ०.८ च्या वर तीन शेजारी आहेत, पण एकाचीही उंची २ च्या वर नाही. सगळे रुग्ण नव्या चिपवर. कंट्रोलपैकी १५०० जुन्या, ४०० नव्या.

खडकवासला: मग रुग्ण बाजूला ठेवा. जुन्या चिपचे कंट्रोल विरुद्ध नव्या चिपचे कंट्रोल असा तोच मार्कर तपासा. मधुमेह कोणालाच नाही, तरी फरक दिसला तर तो चिपचा. क्लस्टर प्लॉटही उघडा. तीन ढग नीट वेगळे आहेत का बघा.

मृण्मयी_प: केलं. कंट्रोल विरुद्ध कंट्रोल 2×10⁻⁵. नव्या चिपवर मधला ढग डावीकडच्यात मिसळलाय.

गणिती_काका: बरं, ठिपका गेला. पण म्हणून TCF7L2 ला शिखर म्हणणार? रेषा ती रेषा.

खडकवासला: नव्या शोधासाठी रेषा हवीच. TCF7L2 २००६ पासून माहीत आहे, पुण्याच्या रुग्णांतही २००७ मध्ये दिसलं. ठरवून एकच जागा तपासताना दहा लाख चाचण्यांचा दंड कशाला? रेषेखालचा हा मनोरा मी त्या उंच ठिपक्याआधी मान्य करेन. अट एकच: चिपची तीच चाचणी त्यालाही लावा.

गणिती_काका: आकडे पाहून "आधीपासून ठरवलं होतं" म्हणणारे बरेच पाहिलेत. ते मला पटत नाही.

मृण्मयी_प: TCF7L2 ला कंट्रोलांत 0.41 आलं. सरांना दोन्ही आकडे पाठवतेय.